जाणारा एक, येणारे दोन

केवळरामने तिकिटाचा अर्धा तुकडा खिडकीच्या खाचेतून आत सरकवला आणि त्यावर बोट दाबून धरलं.

"रिफंड नाही होत," तिकीटबाबू टेकचंद म्हणाला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, म्हणून ओठ मिटलेलेच होते. शब्द बाहेर आले ते नाकातून आल्यासारखे.

तुकडा पुठ्ठ्याचा होता. नागपूरहून इकडे येण्याचा, मागच्या मंगळवारचा, कुणीही न वापरलेला. परतीच्या तुकड्याची मुदत दुसऱ्या दिवशी रात्री बारापर्यंत. त्यानंतर त्याची किंमत बिडीच्या रिकाम्या पाकिटाएवढी. हे टेकचंदने ओरडून सांगितलं. मग अजून ओरडून सांगितलं. तरी बोट हललं नाही.

मागे पाच-सात माणसं उभी होती आणि सकाळची पॅसेंजर यायला दहा मिनिटं होती. फलाटावर चहाची टपरी चालवणारी कुंताबाई रांगेच्या कडेला किटली घेऊन उभी होती. ती बोलल्याशिवाय राहिली असती तर सूर्य पश्चिमेला उगवला असता.

"बहिऱ्यावर वरडून राहिले बाबू तुमी," ती म्हणाली. "त्याले जन्मापासून आयकू येत नाई. तुमची बोंब तिकडं चिखल्याच्या खाणीत आयकू गेली असन, याले नाई जात."

"मग सांगा तुम्ही त्याले!"

"मले त्याच्या तीनच गोष्टी येतेत. चहा, पैसे, अन् चाल हट. यातली कोणती सांगू?"

रांग हसली. केवळरामने हसणाऱ्या तोंडांकडे एकदा पाहिलं, बोट उचललं आणि त्याच बोटाने हवेत दूरवर खूण केली. एक बोट, जाणारं. मग दोन बोटं, येणारी.

"जाते एक, येतेत दोन?" टेकचंद म्हणाला. "रेलवेत बाळंतपण होते का गा?"

रांग पुन्हा हसली. टेकचंदला स्वतःचा विनोद आवडला, म्हणून त्याने माणसासारखं काम केलं. परतीची दोन तिकिटं काढली, तारखेच्या यंत्रात एकेक घालून दाबलं. ठप्प. ठप्प. केवळरामने पूर्ण वेळ डावा तळवा खिडकीच्या लाकडी फळीवर सपाट ठेवला होता. दुसरा ठप्पा पडल्यावर त्याने हात काढला, तिकिटं घेतली, एका तिकिटाचा जाण्याचा अर्धा भाग तिथल्या तिथे फाडला आणि खाचेतून परत आत टाकला.

"वेडाच आहे," टेकचंद म्हणाला.

सरकारी खुर्चीवर बसलं की माणसाच्या आधी कानात मळ साठतो, मग डोळ्यांत. टेकचंद मूळचा सिहोऱ्याचा, घरची धानाची शेती, भावांच्या हवाली करून नोकरीत आलेला. तुमसर ते तिरोडीच्या फाट्यावरच्या या लहानशा स्टेशनावर त्याची बदली नुकतीच झाली होती. तिकीट देणं, गाडी आली की फाटकाशी उभं राहून उतरणाऱ्यांची तिकिटं गोळा करणं, संध्याकाळी हिशेब लिहिणं, सगळं त्याच्याच वाट्याचं. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तीन वर्षं झाली होती. त्याची स्वतःची बायको तुमसरला राहत होती आणि दर रविवारी त्याने आणलेल्या भाजीत खोट काढत होती. ऐकण्यासारखं त्याच्या आयुष्यात फार काही नव्हतं.

केवळराम मात्र दर मंगळवारी यायचा. आधी मागच्या आठवड्याचा तुकडा खाचेतून आत, त्यावर बोट. मग एक, मग दोन. मग हात फळीवर.

चौथ्या की पाचव्या मंगळवारी त्याने नवीनच काही केलं. टेकचंद बोलायला लागला की तो टेकचंदच्या डोक्यावरून मागे बोट दाखवायचा. टेकचंदने वळून पाहिलं. मागचं दार उघडं होतं, बाहेर रूळ, कडक ऊन. चोर नाही, कुत्रं नाही. पुन्हा तेच बोट. टेकचंद चिडून उठला आणि दार धाडकन लोटून आला.

केवळरामचा चेहरा सैल झाला. त्याने काचेच्या पलीकडून स्वतःच्या तोंडाभोवती बोट फिरवलं, मग टेकचंदच्या तोंडाकडे दाखवलं.

टेकचंद बसला. पाठीमागून ऊन येत असताना आपण या माणसाला कसे दिसत असू, हे त्याला पहिल्यांदा सुचलं. काळं डोकं, त्याला काळं भोक. त्यातून पाच आठवडे रिफंडचे नियम बाहेर पडत होते.

केवळरामने आणखी एक केलं. गाल फुगवला, त्यावर बोटाने टिचकी मारली, आणि थुंकल्यासारखं केलं.

"मले थुंकायले सांगते का तू?" टेकचंदचा पारा चढला.

"थुंका न," किटली घेऊन आलेली कुंताबाई म्हणाली. "तोंडात गोटा ठेवून बोलाल तर आयकणाऱ्यालेही कळत नाई. मले वाटलं तुमाले दात नाईतच."

टेकचंद थुंकला नाही. पण पुढच्या मंगळवारी पॅसेंजरच्या आधी त्याने खर्रा बाहेर टाकला, चूळ भरली आणि दार बंद केलं. का, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

तो हळू म्हणाला, "कुठं जातो?"

केवळरामने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग दोन्ही कोपरांनी दोन बाजूंची गर्दी सारत पुढे घुसल्यासारखं केलं. ते नागपूर. हे टेकचंदला आधीच ठाऊक होतं, तिकिटावरच छापलं होतं. पण माणसाने सांगितलेलं आणि आपल्याला कळलेलं यात काही वेगळंच असतं. टेकचंदने तेच कोपर मारून दाखवले. केवळराम घशातून घरघरल्यासारखा हसला. त्याचं हसणं असंच होतं.

"काहून जातो?"

केवळरामने दंडाच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखं केलं. मग हनुवटीवर तीन ठिकाणी बोट टेकवलं, एक, दोन, तीन.

सुई म्हणजे दवाखाना, एवढं टेकचंदला कळलं. हनुवटीवरच्या तीन टिपक्यांचा अर्थ सांगायला कुंताबाई लागली.

"गोंदण," ती म्हणाली. "त्याची बायको, यशोदा. हनुवटीवर तीन टिपके गोंदलेले आहेत तिच्या. बोलकी आहे बाई, चांगली बोलकी. तीच बोलायची दोघांचं. तो मासोळ्या मारायचा, ती बाजारात भाव करायची. मोठ्या दवाखान्यात आहे चार महिन्यांपासून. नणंद सीताबाई आहे तिच्याजवळ."

टेकचंदने खण उघडला. फाडलेले जाण्याचे तुकडे खणात एका डबीत पडलेले होते. ती तिकडेच होती. तिला जायचं नव्हतं, फक्त यायचं होतं.

"मग परतीचं तिकीट तिथूनच काहून घेत नाई?"

"तिथली खिडकी तुमच्याहून शहाणी आहे," कुंताबाई म्हणाली. "एकदा घ्यायले गेला, तर लायनीतून ढकलून देला त्याले. दारू पिऊन आला म्हणून. तोंडातून आवाज असा निघते न त्याच्या. तवापासून इथूनच दोन नेते. यील त्या दिवशी कोणाच्या तोंडाकडं पाहाले नको म्हणून."

"अन् नाई आली तर तुकडा मले आणून काहून देते?"

कुंताबाईने किटली दुसऱ्या हातात घेतली. "ते तुमी पाहा. मले तीनच गोष्टी येतेत म्हटलं न."

तो पैसे मागत नव्हता, हे टेकचंदला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. फाटकाशी उभं राहून तो उतरणाऱ्यांची तिकिटं घेत होता. फाटकावर द्यायचं ते आलेल्याचं तिकीट. खिडकीवर येतो तो न आलेल्याचा तुकडा. केवळराम दर मंगळवारी एवढंच सांगत होता: या वेळी नाही आली. आणि टेकचंद दर वेळी त्याला सांगत होता की रिफंड होत नाही.

पुढच्या मंगळवारी तुकडा आत आल्यावर टेकचंदने तो उचलला. हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं आणि मान हलवली, नाही आली. केवळरामनेही मान हलवली. बस. मग तिकीट.

एकदा तिकिटाचे पैसे काढताना केवळरामच्या बनियनमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद खाली पडला. टेकचंदने हात करून मागितला. भंडाऱ्याच्या सरकारी डॉक्टरचा दाखला, जिल्हा तुटायच्या आधीचा शिक्का, आणि लिहिलेलं: मूक व बधिर, दोन्ही. आधीच्या कोणत्या तरी बाबूने न वाचताच परत केला असेल. केवळरामला वाटत होतं, तो कागद आपण हरवलो तर घरी पोचवण्यासाठीचा आहे. अर्ध्या भाड्याचा कागद तो छातीशी धरून आजवर पूर्ण भाडं देत होता.

सवलतीचं तिकीट पुठ्ठ्यावर होत नाही. टेकचंदने कोऱ्या तिकिटांचं पुस्तक काढलं, खाली कार्बन सरकवला, आणि सगळं हाताने लिहिलं: कुठून, कुठे, परतीसह, प्रवासी एक, सवलतीचं कारण, दाखल्याचा क्रमांक, भाडं आकड्यांत आणि अक्षरांत. कधी नव्हे ते अक्षर सुवाच्य काढलं. कागद फाडून खाचेतून दिला.

केवळरामने तो घेतला नाही. उजेडात धरला, उलटा केला, परत आत सरकवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते टेकचंदने ओळखलं. बाजारात खोटं नाणं मिळालेला माणूस असाच पाहतो.

"अरे बाप्पा, तिकीटच आहे! अर्ध्या पैशात आहे!" टेकचंदने दोन बोटं कात्रीसारखी चालवून अर्धं दाखवलं. केवळरामने डावा हात फळीवर ठेवला आणि वाट पाहत राहिला.

गाडीची घंटा झाली. टेकचंदची नजर त्या हातावर गेली. जाळ्याने कापलेली बोटं, पसरलेली, लाकडाला चिकटलेली. आणि त्याला कळलं. या माणसाचं तिकीट कागदावर होत नव्हतं. ते लाकडात होत होतं. यंत्राचा ठप्पा फळीतून तळव्यात गेला की तिकीट झालं, नाही तर नाही. हाताने लिहिलेल्या कागदाने तळव्याला काहीच सांगितलं नव्हतं.

टेकचंदने स्टेशनाचा रबरी शिक्का घेतला, कागद फळीवर ठेवला आणि दारूच्या दुकानात मूठ आपटावी तसा हाणला. दौत उडाली. केवळरामने हात काढला, कागद घडी करून खिशात टाकला. यशोदाचं तिकीट पुठ्ठ्याचंच राहिलं.

त्या उन्हाळ्यात टेकचंद बरंच शिकला. त्याची बायको म्हणाली, "भिंतीशी बोलता का जी?" तो जेवताना बोटं हलवत होता.

केवळरामच्या गावच्या तलावाचं पाणी वैशाखात तळाला गेलं आणि मासोळ्या मरू लागल्या, ते केवळरामने खिडकीशी सांगितलं. तळवा उभा धरून फडफडवला, फडफड कमी कमी केली, मग तळवा उताणा करून फळीवर पडू दिला. पोटं वर करून तरंगणाऱ्या मासोळ्या. टेकचंदने तसंच केलं, पण तळवा पालथा पाडला. केवळरामने आत हात घालून त्याचा तळवा धरला आणि उताणा केला. मेलेली मासोळी पालथी नसते.

टेकचंदचंही नाव पडलं. फुगवलेला गाल, त्यावर टिचकी. रांगेतले लोकही तसं करून हसायचे.

एका मंगळवारी केवळरामने टेकचंदचं ते नाव केलं, गालावर टिचकी मारली, मग हनुवटीवरचे तीन टिपके, आणि मग गाल मुठीत पकडून पिळला. पुन्हा केलं. तुझा गाल. तिचा गाल. पिळणं.

टेकचंदला कळायला वेळ लागला. यशोदा बाजारात बसून दिवसभर गालात तंबाखू धरायची आणि आजार त्याच गालात होता, हे कुंताबाईकडून मागाहून समजलं. त्या संध्याकाळी त्याने खर्ऱ्याची पुडी उघडली, पाहिली आणि पुन्हा बांधून खणात, तुकड्यांच्या डबीजवळ ठेवली. सोडला, असं कुणाला म्हणाला नाही. नाव मात्र तेच राहिलं. पडलेलं नाव कुठे उठतं?

तुकडे येत राहिले. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. डबीत आता जागा नव्हती.

तो मंगळवार पोळ्यानंतरचा होता. कुंताबाईच्या टपरीवर नाणं टाकायचा लाल फोन होता, गावाला तेवढाच. सकाळी सात वाजता तो वाजला. कुंताबाई खिडकीशी आली ती किटलीशिवाय. टेकचंदने तिला किटलीशिवाय पहिल्यांदाच पाहिलं.

"सीताबाईचा होता," ती म्हणाली. "पहाटे गेली यशोदा."

टेकचंदने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तो येऊन राहिला, बांधावरून दिसते. तुमी सांगा."

"मी? तुमच्या गावचा आहे तो."

"मले चहा येते, पैसे येते, चाल हट येते," कुंताबाई म्हणाली. "माह्या तोंडातून आतापर्यंत शिव्या निघाल्या, बाबू. हे नाई निघत. हातातून तर नाईच नाई. तुमाले येते त्याची भाषा. तुमी काहून शिकले होते मग?"

टेकचंद उठला. सवयीने मागचं दार बंद केलं. सवयीने चूळ भरली, तोंडात काही नसताना. मग त्याच्या ध्यानात आलं की हे काचेतून सांगता येणार नाही. तो खिडकी बंद करून बाहेर आला. गाडीच्या वेळी तो खिडकी सोडून बाहेर आला, हे रांगेने पाहिलं.

केवळराम धुतलेल्या सदऱ्यात आला. हातात मागच्या आठवड्याचा तुकडा होताच. टेकचंद त्याला धरून उन्हात घेऊन गेला, स्वतःच्या तोंडावर ऊन येईल असा उभा राहिला. त्याने हनुवटीवर बोट टेकवलं. एक, दोन, तीन. दंडाला सुई. मग तळवा उभा धरला, फडफडवला, कमी केला. फडफड संपता संपेना. शेवटी त्याने तो पाडला. पालथा पडला. त्याने तो उताणा केला.

केवळराम त्या तळव्याकडे पाहत राहिला. पॅसेंजर दूरच्या वळणावर वाजली, ती त्याच्याखेरीज सगळ्यांना ऐकू आली.

मग त्याने स्वतःचा तळवा उभा धरला, उताणा पाडला आणि भुवया वर केल्या. खरं?

टेकचंदने मान डोलावली. खरं.

केवळराम खिडकीकडे गेला. बंद खिडकीसमोर उभा राहिला आणि मागे वळून टेकचंदला दाखवलं. एक बोट, जाणारं. दोन बोटं, येणारी.

"नाई समजलं त्याले," कुंताबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "नाई समजलं. पुन्हा सांगा."

टेकचंदने हात उचलला. केवळरामने तो धरून खाली केला. त्याने स्वतःच हनुवटीवर तीन टिपके टेकवले, तळवा उताणा पाडला. मग पुन्हा दोन बोटं. येणारी.

समजलं होतं त्याला.

टेकचंद आत गेला. मेलेलं माणूस पुठ्ठ्याच्या तिकिटावर येत नाही. त्याला पेटी लागते, डॉक्टरचा कागद लागतो, पार्सलची पावती लागते, गार्डाच्या डब्यात जागा लागते. एवढं सगळं नियमात होतं आणि त्यातल्या एकासाठीही त्याच्याजवळ खूण नव्हती. बाहेर तळवा फळीवर येऊन बसला होता, पसरलेला, लाकडाला चिकटलेला.

त्याने कागद लिहिला, शिक्का हाणला. मग पुठ्ठ्याचं परतीचं तिकीट काढलं, यंत्रात घातलं आणि तळव्याखालची फळी हलेल एवढ्या जोराने दाबलं.

केवळरामने पुठ्ठ्याचा जाण्याचा अर्धा फाडला, आत टाकला. मागच्या आठवड्याचा तुकडाही आत टाकला. गाडी आली होती.

बुधवारी संध्याकाळी टेकचंद फाटकाशी उभा होता. खाणीवरचे चार कामगार उतरले, सानगडीहून लेकीकडून आलेली एक म्हातारी उतरली, दोन कोंबड्या उतरल्या. शेवटच्या डब्यातून सीताबाई उतरली. तिच्यामागून केवळराम. डोक्याचे केस काढलेले. दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं लाल फडक्यात बांधलेलं मातीचं लहान मडकं, फडक्याची गाठ वर.

टपरीवर कुंताबाई उभी राहिली.

सीताबाईने आपलं तिकीट दिलं आणि पुढे गेली. केवळराम फाटकाशी थांबला. मडकं डाव्या हाताच्या कवेत घेतलं, उजव्या हाताने खिसा चाचपला. आधी स्वतःचा कागद टेकचंदच्या हातावर ठेवला. मग पुठ्ठ्याचा तुकडा काढला, नागपूरहून इकडे येण्याचा, कालच्या तारखेचा, मुदतीच्या आतला, आणि तोही कागदावर ठेवला.

टेकचंदने दोन्ही तिकिटं घेतली. मोजली. मग त्याने फाटक एका माणसाला उघडतात त्यापेक्षा थोडं जास्त उघडलं.